थ्री-सिक्स्टी व्हिडिओ आणि गरगरणारे डोके

मित्रहो, डोळ्यांवर हेडसेट लावून चहूबाजूंचे दृश्य दाखवणारा थ्री-सिक्स्टी व्हिडिओ पाहताना काहींना मळमळते, डोके गरगरते. बहुतेक वेळा हा दोष प्रेक्षकाच्या प्रकृतीला चिकटवला जातो. त्याचा मोठा भाग चित्रीकरणात आणि संपादनात असतो, असे माझे मत आहे, आणि ते मी फुटाळा तलावाकाठच्या एका चित्रीकरणावरून मांडणार आहे.

आधी यंत्राविषयी थोडेसे. साध्या थ्री-सिक्स्टी कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावून बसवलेली दोन फिशआय भिंगे असतात. प्रत्येक भिंग १८० अंशांहून थोडे अधिक, समजा २०० अंश, पाहते. त्यामुळे दोघांच्या सीमेवर सुमारे २० अंशांचा पट्टा दोन्हीकडे टिपला जातो आणि सॉफ्टवेअर तेथेच दोन चित्रे एकमेकांना जोडते. या कामाला स्टिचिंग म्हणतात. भिंगांमध्ये थोडे अंतर असल्याने जवळची वस्तू दोघांना किंचित वेगळ्या जागी दिसते. म्हणून हातभर अंतरावरचा माणूस जोडरेषेवर आला तर त्याचा चेहरा चिरल्यासारखा दिसतो. त्याला एका भिंगाच्या बरोबर समोर उभे करणे, हाच खरा उपाय आहे.

जोडलेला गोल पुढे जगाच्या नकाशासारखा उलगडून, उंचीच्या दुप्पट रुंदीच्या चौकटीत साठवला जातो. ५७६० बाय २८८० पिक्सेलची चौकट पुष्कळ मोठी वाटते. पण ५७६० पिक्सेल ३६० अंशांना वाटले की एका अंशाला १६ उरतात, आणि एका वेळी ९० अंश पाहणाऱ्याला आडवे १४४० पिक्सेलच मिळतात. चित्र अपेक्षेपेक्षा धूसर वाटते ते यामुळे. चक्कर येण्याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे.

आम्ही कॅमेरा दुचाकीस्वाराच्या हेल्मेटवर बसवून तलावाकाठच्या रस्त्याने चित्रण केले. संगणकाच्या पडद्यावर ते देखणे दिसले. तेच हेडसेटमधून पाहणाऱ्यांनी मिनिटभरात हेडसेट काढून ठेवला, आणि एकाने तर खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

आपल्या अंतर्कर्णात दोन प्रकारची इंद्रिये आहेत. अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळू लागल्याचे सांगतात. दुसरी इंद्रिये सरळ रेषेत वेग वाढल्याचे किंवा कमी झाल्याचे आणि डोके कलल्याचे सांगतात. स्वाराने मान वळवली की प्रेक्षकाचे सारे जग फिरले, पण त्याचा स्वतःचा कान म्हणत राहिला की आपण स्थिर आहोत. डोळा आणि कान यांच्या साक्षी जुळेनाशा झाल्या की मळमळ सुरू होते. मोबाइलवर हाच व्हिडिओ सहसा त्रास देत नाही, कारण पडद्याभोवतीची खोली जागची हलत नाही.

ध्यानात घ्यावे असे की कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. सरळ रस्त्यावर एकसमान वेगाने जाताना खऱ्या स्वाराचा कानही गप्पच असतो, म्हणून असा भाग बराच सुसह्य होतो. निघणे, ब्रेक लावणे आणि वळणे, त्रास याच ठिकाणी अधिक होतो.

संपादनात आम्ही प्रथम कॅमेऱ्याचे फिरणे मोजणाऱ्या, त्यातीलच जायरोच्या नोंदी वापरून दिशा बांधून टाकली, म्हणजे स्वाराने मान कोठेही फिरवली तरी प्रेक्षकाची पुढची बाजू जागची हलेना. वळण पाहायचे तर तो फिरत्या खुर्चीवर स्वतः वळतो, आणि त्या वळण्याची साक्ष त्याचा कानही देतो. मग वळणावर गाडी कलल्यामुळे तिरके झालेले क्षितिज सरळ केले. फुटाळ्याचा पलीकडचा काठ येथे फार उपयोगी पडला, कारण दूरवरची पाण्याची रेषा जरा कलली तरी लगेच ओळखू येते.

गतिरोधकापुढे मात्र हा उपाय थकला. जायरोच्या नोंदींवरून फिरणे आणि कलणे पुसता येते. कॅमेरा खरोखर वर उचलला गेला की तो दुसऱ्या जागेवरून पाहू लागतो, आणि ती जागा कोणतेही सॉफ्टवेअर त्याला परत देत नाही. ते तुकडे आम्ही कापले. गाडी आधीच चालू असताना दृश्य सुरू केले आणि ब्रेक लागण्यापूर्वी काळोख आणून संपवले. उरलेला वेळ काठावर तिपाईवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाने भरला.

एक मर्यादा तरीही उरते. प्रेक्षकाने मान वळवली तर दृश्य साथ देते, परंतु तो पुढे वाकला तर देत नाही, कारण कॅमेरा एका बिंदूवरूनच पाहत होता. म्हणून आम्ही त्याला टेकून बसवतो. पारखण्यासाठी नवा माणूसच घ्यावा लागतो. संपादकाच्या डोळ्यांना तोवर सवय झालेली असते. त्या माणसाला वारंवार प्रश्न विचारण्याची गरज नाही. तो जांभया देऊ लागला, बोलता बोलता गप्प झाला किंवा त्याच्या कपाळावर घाम आला, की व्हिडिओ तेथेच थांबवावा आणि तो क्षण संपादनाच्या पट्टीवर टिपून ठेवावा.