दातावरचा पट्टा

आधी हा वरचा पटाशीचा दात बघा. टोकाचा भाग पिवळसर आहे. त्याच्या वर, दाताच्या साधारण मध्यावर, आडवा करडा-तपकिरी पट्टा दिसतो. ब्रशने तो जात नाही, क्लीनिंग केलं तरी जात नाही, कारण तो दाताच्या पृष्ठभागावर नाहीच. दाताचा वरचा कठीण थर म्हणजे इनॅमल. त्याच्या खाली जे डेंटिन असतं, त्यात तो आहे.

आता कॅमेरा थोडा बाजूला नेऊ. हा त्याच बाजूचा सुळा. पट्टा इथेही आहे, पण सरकून टोकाजवळ गेलाय. असं का? दात टोकाकडून हिरडीकडे घडत जातो. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचं टोक बाळ तीन-चार महिन्यांचं असताना कठीण व्हायला लागतं आणि दिसणारा भाग चार-पाच वर्षांत पूर्ण होतो. सुळा सुरू होतो जरा उशिरा आणि संपतो सहा-सात वर्षांनी. म्हणजे एकाच वेळी पटाशीचा दात अर्धा झालेला असतो, तेव्हा सुळ्याचं नुसतं टोक तयार असतं. दोन्ही पट्टे जुळवून पाहिले की साधारण अडीच वर्षांचं वय निघतं. हे दात ज्यांचे, त्या बाई आज अडतीस वर्षांच्या आहेत. आईला विचारलं, तर तिला आठवलं: त्या वयात छातीत कफ व्हायचा आणि पुन्हापुन्हा पिवळं औषध दिलं जायचं.

औषधाचं नाव टेट्रासायक्लिन, एक अँटिबायोटिक. या गटातलं पहिलं औषध 1948 साली आलं आणि दशकभरातच डॉक्टरांना मुलांचे दात पिवळे दिसू लागले. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटतं. दात घडत असताना ते रक्तात असेल, तर त्या दिवसांच्या डेंटिनच्या थरात अडकून बसतं. सुरुवातीला रंग पिवळा असतो. पुढे उजेड लागत गेला की तो तपकिरी, करडा होत जातो. म्हणून समोरचे दात आधी काळवंडतात.

खोलीतले दिवे घालवले आहेत. हा अतिनील टॉर्च, त्याच्या उजेडात टेट्रासायक्लिन चमकतं. मागच्या छोट्या दाढांची टोकं कशी पिवळीधमक चमकली, पाहिलंत? तिथे उजेड कमी पोचला, म्हणून रंग अजून ताजा आहे. समोरचे दात मात्र मंद आहेत.

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल आठ वर्षांचं होईपर्यंत हा गट टाळतात. गंभीर आजारात याच गटातल्या डॉक्सिसायक्लिनचा थोड्या दिवसांचा कोर्स डॉक्टर देतात, त्यात हा धोका फार कमी असतो. मुरुमांसाठी दीर्घकाळ घेतलेल्या, याच गटातल्या मिनोसायक्लिनने मोठ्यांचे पूर्ण वाढलेले दातही करडे पडू शकतात.

आणि एकच दात काळा असेल, तर संशय मार लागल्याचा. आतली नस मेली की रक्तातलं लोह डेंटिनमध्ये उतरतं. मोठ्या माणसात त्या दाताचं रूट कॅनाल करून आतच रंग उजळवणारी सोडियम परबोरेटची पेस्ट भरतात, दर काही दिवसांनी बदलतात. लहान मुलाचा पडून करडा झालेला दुधाचा दात मात्र कधी आपोआप उजळतो. हिरडीवर पुळी येते का, एवढं बघत राहायचं.

पुन्हा आपल्या बाईंकडे. हा त्यांच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे. प्रत्येक दातासमोर रंग उजळवणाऱ्या जेलचा एक छोटा थेंब: दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. रात्री घालून झोपायचं. साध्या पिवळ्या दातांना दोन-तीन आठवडे पुरतात. टेट्रासायक्लिनला तीन ते सहा महिने, कधी जास्त. सुरुवातीला फरक कमीच वाटू शकतो आणि काही लोक तिथेच सोडतात. दात शिवशिवले, तर एक-दोन रात्री सुट्टी घ्यायची.

झटपट मार्ग म्हणजे व्हीनियर, दाताच्या समोर चिकटवायचं पातळ आवरण. पण पातळ व्हीनियरमधून करडा रंग डोकावतो. तो झाकायचा तर जाड, अपारदर्शक थर लागतो, त्यासाठी दात जास्त कापावा लागतो आणि कापलेलं इनॅमल परत येत नाही. एके काळी तर जिवंत नस काढून दात आतून पांढरे करायचे. धडधाकट दाताचा रंगासाठी दिलेला बळी, दुसरं काय! कोळशाच्या पावडरीबद्दल एवढंच: ती इनॅमल झिजवते आणि खालचं पिवळं डेंटिन अजून उघडं पडतं.

दर महिन्याला एकाच दिव्याखाली, रंगाच्या छटा दाखवणारी तीच शेड पट्टी दाताला लावून काढलेले हे फोटो. पहिला. तिसरा. सहावा. टोकाचा पिवळेपणा गेला, पट्टा फिका झाला. पट्ट्याची हिरडीकडची करडी रेघ राहिली. हिरडीकडे डेंटिनवरचं इनॅमल पातळ होत जातं आणि ती रेघ सगळ्यात हट्टी असते. बाईंनी तेवढीच रेघ कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने झाकून घ्यायचं ठरवलंय, दोन आठवडे थांबून. ब्लीचिंगनंतर लगेच कंपोझिट नीट चिकटत नाही.