पाच हप्ते, एक हप्ता

[दृश्य: इचलकरंजी, सकाळ. अरुंद गल्ली, आतून यंत्रमागांचा खडखडाट. एका घराच्या भिंतीवर कॅलेंडर, त्यावर निळ्या पेनानं गोल केलेल्या तारखा.]

निवेदन:

दोन तारखेला ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा हप्ता. पाच तारखेला फ्रिज आणि मोबाइलचा. अकराला गटाचं कर्ज, म्हणजे मायक्रोफायनान्स कंपनीचं. अठराला क्रेडिट कार्डाचं बिल. आणि सोनेतारण कर्जाचं व्याज जमेल तसं, महिनाअखेरीला. पगार होतो सात तारखेला. त्यामुळे दोन आणि पाच तारखेचे हप्ते गेल्या महिन्याच्या उरलेल्या पैशातून जातात, आणि पैसे उरले नसले तर कुणाकडून तरी हातउसने घेऊन.

अशा घरात एक दिवस कुणीतरी येऊन सांगतं, "सगळी कर्जं मिटवून एकच करून देतो. हप्ता निम्म्याहून कमी होईल."

तो खोटं बोलत नसतो. हप्ता खरोखरच निम्म्याहून कमी होतो. कर्जाचा भार कमी होतो का, हे मात्र त्यावरून कळत नाही. ते पाहण्यासाठी आपण एक नमुन्याचं घर धरू आणि त्याचा हिशोब शेवटपर्यंत मांडू.

[दृश्य: वहीचं कोरं पान. हात एकेक ओळ लिहितो.]

निवेदन:

नवरा-बायको दोघं मिळून महिन्याला 25,000 रुपये कमावतात. देणं एकूण दोन लाख. त्यातले 60,000 क्रेडिट कार्डाचे, महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याजानं. ॲपच्या कर्जाचे 45,000 बाकी आहेत, वर्षाला 28 टक्के, अजून दीड वर्ष. गटाच्या कर्जाचे 35,000, 24 टक्क्यांनी, अजून 15 हप्ते. फ्रिज-मोबाइलचे अडीच हजारांचे सहा हप्ते, म्हणजे 15,000. आणि दागिने गहाण ठेवून घेतलेले 45,000, 11 टक्क्यांनी.

यातलं कार्ड नीट समजून घ्यायला हवं, कारण या घराचं खरं दुखणं तिथं आहे. साठ हजारांवर महिन्याचं व्याज 2,100 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 378. बिलावर 'किमान देय रक्कम' 3,000 लिहिलेली असते आणि ती भरली की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. पण त्या तीन हजारांतून मुद्दलात जातात फक्त 522 रुपये. हे कार्ड दोन वर्षांत खरोखर संपवायचं असेल, तर त्यावर पुढे काहीही खरेदी न करता दरमहा जवळपास 4,000 भरावे लागतील.

ते चार हजार धरले, तर सगळे हप्ते मिळून महिन्याला 12,700 होतात. मिळकतीच्या निम्मे.

आता प्रस्ताव पाहू. दोन लाखांचं एकच वैयक्तिक कर्ज, वर्षाला 16 टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता 4,864 रुपये.

[दृश्य: वहीत दोन आकडे शेजारी शेजारी. 12,700 आणि 4,864.]

निवेदन:

दरमहा पावणेआठ हजारांहून जास्त हातात राहतील. शिवाय दर तर तीन जागी उतरताना दिसतो! 42 वरून 16, 28 वरून 16, 24 वरून 16. दागिनेही घरी येतील. कुणीही सही करेल.

पण आधीच्या वाटेनं गेलं तर काय होतं, हेही मांडून पाहू. सहा महिन्यांत फ्रिज-मोबाइलचे हप्ते संपतात. तिथून मोकळे झालेले अडीच हजार दरमहा दागिन्यांच्या मुद्दलात भरत गेलं, तर अठरा महिन्यांत ते 45,000 फिटतात. पंधराव्या महिन्यात गटाचं कर्ज संपतं, अठराव्यात ॲपचं, चोविसाव्यात कार्ड. दोन वर्षांनी घर कर्जमुक्त. या दोन वर्षांत, कार्डावरचा जीएसटी धरून, व्याजापोटी गेलेले असतात सुमारे 58,600 रुपये.

एकत्र केलेल्या कर्जावर पाच वर्षांत व्याज जातं 91,800. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून 4,700. ॲपचं कर्ज मुदतीआधी बंद केल्याचा आकार चार टक्के धरला, तर जीएसटीसह आणखी 2,100. बेरीज 98,600.

बहुतेक कर्जांचा दर कमी झाला, आणि तरी चाळीस हजार रुपये जास्त गेले. कारण दोन वर्षांत संपणारं देणं पाच वर्षांवर नेलं. मुदत सगळ्यांचीच वाढली, पण सर्वांत वाईट झालं ते दोन कर्जांचं. फ्रिजच्या उरलेल्या हप्त्यांवर आता वेगळं व्याज वाचवण्यासारखं जवळपास काही नव्हतंच, त्यावर नव्यानं पाच वर्षांचं व्याज बसलं. आणि दागिन्यांचं कर्ज 11 टक्क्यांचं होतं, ते स्वतःहून 16 टक्क्यांत नेलं. स्वस्त कर्ज महाग कर्जानं फेडण्याचा हा प्रकार एका हप्त्याच्या सोयीखाली झाकला जातो, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहारातली हीच सर्वांत मोठी फसगत आहे.

[दृश्य: त्याच पानावर पाचपैकी दोन ओळींभोवती चौकट.]

निवेदन:

मग एकत्रीकरण करूच नये का? करावं, पण निवडून. याच घरात फक्त दोन कर्जं उचला. कार्ड आणि ॲप, मिळून 1,05,000. दर तोच 16 टक्के. मुदत मात्र पाच वर्षं नाही, दीड वर्ष, म्हणजे ॲपच्या कर्जाची उरली होती तेवढीच. हप्ता येतो 6,600. या दोन कर्जांचे मिळून आधी 7,080 जात होते. म्हणजे हप्ता थोडासाच, पाचशेच्या आत उतरला. पण व्याज जातं 13,800, दोन्ही बाजूंच्या फी आणि जीएसटी 4,600. एकूण 18,400. आधीच्या वाटेनं या दोन कर्जांवर 46,300 जाणार होते. जवळजवळ 28,000 रुपये वाचले, आणि कार्डाचं देणं सहा महिने आधी संपलं.

यातही एक बारकावा आहे. ही बचत जवळपास सगळी कार्डामुळे झाली. ॲपच्या कर्जाचं एकट्याचं गणित केलं, तर व्याजात 4,700 वाचतात, पण मुदतपूर्व बंद करण्याचा आकार आणि नवी फी यांत 3,200 जातात. हातात उरतात दीड हजार. तेच कर्ज दीडऐवजी दोन वर्षांवर नेलं असतं, तर दर 28 वरून 16 वर येऊनही उलट चारशे रुपये जास्त गेले असते. दरात बारा टक्क्यांचा फरक, आणि केवळ सहा महिन्यांनी तो खाऊन टाकला.

गटाच्या कर्जाचंही असंच. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स कर्ज आधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही, त्यामुळे ते बंद करायला खर्च नाही. पण नव्या कर्जाची फी वजा जाता उरलेल्या 15 महिन्यांत बचत होईल बाराशेच्या आसपास. जमलं तर घ्या, नाही तर चालू द्या.

[दृश्य: पतसंस्थेची खिडकी. काउंटरवर अर्ज, शाईचा पॅड, शिक्का.]

निवेदन:

आता दराबद्दल, कारण '16 टक्के' हे शब्द दोन वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जातात. आपण आतापर्यंत धरला तो घटत्या शिलकेवरचा दर. जसजसं मुद्दल फिटतं, तसतसं व्याज कमी लागतं. फ्लॅट दरात तसं नसतं. तिथं पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज लावतात. 1,05,000 वर 16 टक्के फ्लॅट, दीड वर्षासाठी, म्हणजे 25,200 रुपये व्याज आणि 7,233 चा हप्ता. घटत्या शिलकेच्या भाषेत हा दर 28 टक्क्यांच्या वर जातो. ज्या ॲपच्या कर्जातून सुटायचं होतं, त्याच दराला आपण परत येऊन पोचतो.

म्हणून तोंडी सांगितलेल्या दरावर जाऊ नका. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं तिच्या देखरेखीखालच्या बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी, कर्जासोबत चिकटवलेला विमा, असं सगळं धरून वर्षाचा खरा खर्च किती टक्के पडतो, ते तो सांगतो. सहीआधी हा कागद मागा आणि दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करताना एपीआर शेजारी शेजारी ठेवा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तिथं हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक लिहून मागा आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज स्वतः करा.

जुन्या कर्जाची बाजूही तशीच कागदावर आणा. प्रत्येक ठिकाणी फोरक्लोजर स्टेटमेंट मिळतं. आज कर्ज बंद करायचं तर नेमके किती भरायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. मग एका बाजूला जुने उरलेले हप्ते गुणिले महिने, दुसऱ्या बाजूला नवा हप्ता गुणिले महिने, अधिक सगळ्या फी. दोन बेरजांपैकी नवी लहान असेल, तरच भार कमी झाला.

[दृश्य: यंत्रमाग बंद. कारखान्याच्या दाराला कुलूप.]

निवेदन:

अशीही वेळ येते, की जास्त व्याज जाणार हे माहीत असूनही मुदत वाढवावी लागते. मंदीत पाळ्या कमी झाल्या, घरातली मिळकत 25,000 वरून 17,000 वर आली, तर 12,700 चे हप्ते भरताच येणार नाहीत. हप्ता बाउन्स झाला की कर्ज देणारा दंड लावतो, आपली बँकही वेगळा आकार घेते, आणि कर्ज जिथं पाच आहेत तिथं हे पाच ठिकाणी होतं. दागिने लिलावात जाऊ शकतात. अशा वेळी मुदत वाढवणं हा श्वास घेण्याचा खर्च आहे, आणि तो करावा. फक्त गरजेपुरता करावा. 1,05,000 दीडऐवजी तीन वर्षांवर नेले, तर हप्ता 3,700 च्या आत येतो. दर फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा असेल किंवा करारात दंडाशिवाय आधी भरण्याची मुभा असेल, तर पाळ्या पूर्ववत झाल्यावर जास्तीचे पैसे भरून मुदत पुन्हा कमी करता येते. म्हणून सही करण्याआधी करारातलं हे एक कलम शोधून वाचा.

[दृश्य: कात्रीनं कापलेलं क्रेडिट कार्ड, बाजूला बिल.]

निवेदन:

आणि नवं कर्ज मिळालं, त्या दिवशी काम संपत नाही. ज्यांची ही योजना फसते, त्यांच्यापैकी अनेकांची इथंच फसते. कार्डाचे 60,000 भरले, की कार्डाची 60,000 ची मर्यादा पुन्हा मोकळी होते. सणाला तिथून वीस हजार उचलले, की नवं कर्ज अधिक जुनं कार्ड अशी दुप्पट वजाबाकी सुरू होते. कार्ड बंद करायचं नसेल, तर निदान बँकेला सांगून मर्यादा कमी करून घ्या.

कार्डाचं बिल पूर्ण भरल्यावरही पुढच्या महिन्यात थोडं व्याज येतं. बिल निघाल्याच्या दिवसापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं ते असतं. 'आपण तर सगळं फेडलं' म्हणून ते न भरता सोडू नका, नाही तर त्यावर उशिराचा आकार लागतो. ॲपच्या कर्जाचं नो ड्यूज पत्र घ्या, आणि बँकेत जाऊन त्याचा ऑटो डेबिटचा आदेश रद्द झालाय ना ते पाहा. महिना-दीड महिन्यानं क्रेडिट रिपोर्ट काढा. त्यात जुन्या खात्यापुढे 'क्लोज्ड' असायला हवं. 'सेटल्ड' दिसलं, तर त्याचा अर्थ पूर्ण रक्कम न घेता तडजोड केली असा होतो आणि पुढचं कर्ज अडतं. तसं दिसलं तर नो ड्यूज पत्र जोडून त्याच आठवड्यात लेखी तक्रार करा, कर्ज देणाऱ्याकडे आणि रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीकडेही.