भेदरलेल्या बाजारात येन कोण विकत घेतं?

[पडद्यावर: टोकियो शेअर बाजाराचा फलक, लाल आकडे नाहीत, सगळे हिरवे. जपानमध्ये घसरण हिरव्या रंगात दाखवतात.]

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. टोकियोत नऊ वाजले तेव्हा मुंबईत पहाटेचे साडेपाच झाले होते. टोकियो बाजाराचा निर्देशांक निक्केई उघडला तोच खाली, आणि दिवसभर त्याने मान वर काढली नाही. फ्युचर्सचे व्यवहार मध्येच थांबवावे लागले. बाजार बंद झाला तेव्हा निर्देशांक ४,४५१ अंकांनी खाली होता, म्हणजे १२.४ टक्के. अंकांच्या हिशोबाने ही निक्केईची एका दिवसातली सर्वात मोठी घसरण. टक्क्यांच्या हिशोबाने १९८७ च्या ऑक्टोबरनंतरची सर्वात मोठी. आपल्याकडे सेन्सेक्सही त्या दिवशी २,२२२ अंकांनी आपटला.

आणि याच वेळी एक चलन झपाट्याने वधारत होतं. ज्या देशाचा शेअर बाजार कोसळत होता, त्याच देशाचं.

[पडद्यावर: USDJPY चा दैनिक आलेख, जानेवारी ते ऑगस्ट २०२४]

हा आलेख बघताना एक गोष्ट आधी पक्की करून घेऊ. एका डॉलरला किती येन पडतात, ते हा आलेख दाखवतो. त्यामुळे रेघ वर गेली की येन स्वस्त झाला, आणि रेघ खाली आली की येन महाग झाला. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

जानेवारीच्या सुरुवातीला डॉलर १४१ येनच्या आसपास होता. तिथून रेघ हळूहळू चढत गेली. मध्येमध्ये अडखळली, पुन्हा चढली. ३ जुलैला ती १६१.९ वर पोहोचली. त्यानंतरचा भाग बघा. सहा महिन्यांत जे कमावलं, ते जेमतेम पाच आठवड्यांत गेलं. ५ ऑगस्टला डॉलर १४१.७ येनवर, म्हणजे जवळपास तिथेच, जिथून वर्ष सुरू झालं होतं.

वर जाताना संथ, खाली येताना धडाधड. येनच्या आलेखाचा हा ठरलेला आकार आहे, आणि तो का, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

बातम्यांमध्ये ठरलेलं वाक्य असतं: ‘जोखीम टाळण्यासाठी गुंतवणूकदार सुरक्षित येनकडे वळले.’ हे वाक्य खोटं नाही, पण दिशाभूल करणारं आहे. त्यातून असं चित्र उभं राहतं, की घाबरलेली माणसं पैसे घेऊन जपानमध्ये आसरा शोधायला निघाली आहेत. प्रत्यक्षात त्या सोमवारी येन विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना येन नकोच होता. त्यांनी तो उधार घेतला होता, आणि आता तो परत करायची वेळ आली होती.

[पडद्यावर: दोन आकडे शेजारी. जपान: ०.१ टक्के. अमेरिका: ५.२५ ते ५.५० टक्के]

मार्च २०२४ पासून जुलैअखेरपर्यंत जपानचा धोरणात्मक व्याजदर शून्य ते ०.१ टक्का होता. अमेरिकेचा सव्वापाच ते साडेपाच. मग हिशोब सरळ होता. येनमध्ये कर्ज काढा, ते येन विकून डॉलर घ्या, डॉलरवर व्याज खा. याला बाजारात कॅरी ट्रेड म्हणतात.

समजा, एखाद्या फंडाने डॉलर १६१ येनला असताना १६ कोटी १० लाख येन उचलले. त्याचे झाले बरोबर १० लाख डॉलर. वर्षाला त्यावर साधारण ५० हजार डॉलर सुटतात. आता हा फंड पूर्ण पैसे स्वतःचे घालत नाही. तो एक लाख डॉलर मार्जिन, म्हणजे अनामत, म्हणून ब्रोकरकडे ठेवतो आणि दहा लाखांचा सौदा करतो. म्हणजे स्वतःच्या पैशावर वर्षाला ५० टक्के कमाई. शिवाय येन घसरत राहिला, तर परतफेड आणखी स्वस्त. मोह पडणं साहजिक आहे.

आता डॉलर १४७ वर आला असं धरा. कर्ज तर येनमध्येच आहे, १६ कोटी १० लाख. ते फेडायला आता सुमारे १० लाख ९५ हजार डॉलर लागतात. ९५ हजारांचा तोटा, आणि मार्जिन होतं एक लाख. दोन वर्षांचं व्याज काही दिवसांत गेलं आणि खातंही रिकामं झालं. ब्रोकर तोपर्यंत थांबतच नाही, त्याआधीच तो सौदा कापतो. सौदा कापणं म्हणजे काय? डॉलर विकणं आणि येन विकत घेणं. त्या खरेदीने येन आणखी वर जातो, मग पुढच्याचं मार्जिन संपतं, त्याचाही सौदा कापला जातो.

म्हणून चढण संथ असते. तिथे प्रत्येकजण आपल्या सवडीने येन विकत असतो. परत घेताना सवड कोणालाच नसते.

असे किती जण होते, याचा अंदाज आधीच दिसत होता. अमेरिकेतली वायदे बाजाराची नियामक संस्था दर शुक्रवारी सट्टेबाजांचे आकडे प्रसिद्ध करते. जुलैच्या सुरुवातीला येनच्या विरोधात निव्वळ सुमारे १ लाख ८४ हजार कॉन्ट्रॅक्ट्स होती. २००७ नंतर एवढी गर्दी एका बाजूला झाली नव्हती. एक कॉन्ट्रॅक्ट सव्वा कोटी येनचं असतं. हा आकडा मंगळवारपर्यंतचा असतो आणि शुक्रवारी हातात पडतो, त्यामुळे तो शिळा असतो. पण दाराशी किती गर्दी आहे, एवढं त्यातून कळतं. दार कधी उघडेल, ते कळत नाही.

[पडद्यावर: आलेखावर चार तारखा एकामागून एक उमटतात]

११ जुलै. अमेरिकेतल्या महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहा वाजता. थोड्याच वेळात डॉलर सुमारे चार येनने खाली. निव्वळ आकड्यामुळे एवढी हालचाल होत नाही. जपान सरकार त्या संधीचा फायदा घेऊन येन खरेदी करत होतं. महिनाअखेरीस अर्थ मंत्रालयानेच जाहीर केलं, त्या महिन्याभरात ५.५३ लाख कोटी येन यासाठी वापरले गेले.

३१ जुलै. गव्हर्नर काझुओ उएदा यांच्या बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्के केला, आणि पुढेही वाढवू असं सूचित केलं. डॉलर १५० च्या आसपास आला.

२ ऑगस्ट, शुक्रवार. अमेरिकेत जुलैमध्ये फक्त १ लाख १४ हजार नोकऱ्या वाढल्याची बातमी आली. बेरोजगारी ४.३ टक्के. आता अमेरिका व्याजदर कमी करणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. म्हणजे दोन देशांच्या व्याजदरांतला फरक दोन्ही टोकांनी आक्रसणार. डॉलर १४६ च्या घरात. आपल्या उदाहरणातल्या फंडाचं मार्जिन इथेच संपलं होतं.

मग शनिवार-रविवार. बाजार बंद, फोन मात्र चालू. आणि सोमवारी पहाटे ते, जे आपण सुरुवातीला पाहिलं.

[पडद्यावर: AUDJPY चा आलेख]

जाणकार अशा वेळी डॉलर-येनपेक्षा ऑस्ट्रेलियन डॉलर आणि येनची जोडी बघतात. ऑस्ट्रेलिया लोहखनिज आणि कोळसा विकतो, जग तेजीत असलं की त्याचं चलन चढतं. समोर येन, जो भीतीत चढतो. दोन्ही टोकं भीतीला विरुद्ध बाजूंनी प्रतिसाद देतात, म्हणून हालचाल ठळक दिसते. जुलैत १०९ च्या वर असलेली ही जोडी ५ ऑगस्टला ९० च्या आसपास होती. २००८ च्या संकटात तर ती जुलैतल्या १०४ वरून ऑक्टोबरमध्ये ५५ पर्यंत गेली होती.

झळ आपल्याकडेही पोहोचते, थोड्या वेगळ्या वाटेने. मुंबईच्या कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रोसाठी जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेने दिलेलं कर्ज येनमध्ये आहे. जुलैच्या सुरुवातीला एक येन ५२ पैशांच्या आसपास होता, ५ ऑगस्टला ५९ पैसे. व्याज नगण्य असलं तरी मुद्दल येनमध्येच मोजलं जातं.

बरं, मग येनच का? कर्ज तिथे स्वस्त आहे, हे एक कारण. दुसरं, जपानची परदेशातली मालमत्ता त्याच्या परदेशी देण्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तीन दशकांहून अधिक काळ तो जगातला सर्वात मोठा निव्वळ धनको होता. २०२४ अखेरच्या आकड्यांत जर्मनीने तो मान घेतला. संकटात जपानी कंपन्या हा पैसा घरी आणतील, असं बाजार धरून चालतो. आणतातच असं नाही. पण आणतील या समजुतीनेही सौदे होतात.

याचा सर्वात विचित्र दाखला मार्च २०११ चा. ११ तारखेला तोहोकूला भूकंप आणि त्सुनामी, पाठोपाठ फुकुशिमा. एवढी आपत्ती आलेल्या देशाचं चलन घसरायला हवं होतं. उलट डॉलर ८३ वरून आठवड्याच्या आत ७६.२५ येनवर आला. नुकसानभरपाईसाठी विमा कंपन्या परदेशातला पैसा आणतील अशी चर्चा होती. प्रत्यक्षात घाव बसला तो घरबसल्या चलनाचे सौदे करणाऱ्या सामान्य जपान्यांवर, त्यांच्या येनविरोधी सौद्यांचं मार्जिन संपत गेलं. १८ मार्चला जी-७ देशांनी एकत्र येऊन येन विकला, तेव्हा कुठे तो थांबला.

[पडद्यावर: USDJPY, फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२२]

आता हा आलेख. २४ फेब्रुवारी २०२२, रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं. डॉलर ११५ येनच्या आसपास. युद्ध, निर्बंध, घसरते शेअर बाजार, भीतीला काही कमी नव्हतं. येनने मात्र उसळी घेतलीच नाही. ऑक्टोबरमध्ये डॉलर जवळपास १५२ येनला गेला. कारण या भीतीने तेल महाग केलं, आणि जपान जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणतो, डॉलर मोजून. महागाई रोखायला अमेरिकेने व्याजदर भराभर वाढवले. येन उधार घेणाऱ्यांना परत करायची घाई तर नव्हतीच, आणखी घ्यायचं कारण मिळालं.

मार्च २०२० मध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. ९ तारखेला डॉलर १०१ येनपर्यंत घसरला, आणि २४ तारखेपर्यंत पुन्हा १११ च्या वर. पहिल्या आठवड्यात सौदे कापले गेले. दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांनाच रोख डॉलर हवे होते, आणि त्यासाठी लोक हाताला लागेल ते विकत होते. सोनंसुद्धा.

म्हणून येनचा आलेख एकटा बघून चालत नाही. त्याच्या खाली अमेरिकेच्या दोन वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा लावायचा. शेअर बाजार पडतोय, परतावाही पडतोय, आणि येनविरोधी सौद्यांची गर्दी आधीच साचलेली आहे: तर येन उसळण्याची शक्यता मोठी. शेअर बाजार पडतोय पण परतावा चढतोय: तर २०२२ आठवायचं.

[पडद्यावर: ५ ते १३ ऑगस्ट २०२४]

६ ऑगस्टला निक्केई १० टक्क्यांहून अधिक वर आला. ७ तारखेला बँक ऑफ जपानचे डेप्युटी गव्हर्नर शिनिची उचिदा यांनी हाकोदाते शहरात बोलताना सांगितलं, की बाजार अस्थिर असताना व्याजदर वाढवणार नाही. डॉलर पुन्हा १४७ च्या वर गेला. आणि १३ ऑगस्टच्या आकडेवारीत ती १ लाख ८४ हजार कॉन्ट्रॅक्ट्सची गर्दी दिसेनाशी झाली होती. निव्वळ हिशोबात सट्टेबाज आता येनच्या बाजूने होते, सुमारे २३ हजार कॉन्ट्रॅक्ट्स.