क्षितिजाला बांधलेली माणसं

(दृश्य: वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. ग्रामपंचायतीची इमारत, समोर मोकळं पटांगण, मागे कपाशीचं वावर.)

इमारत आहे तीच राहणार आहे. बदलायचं आहे ते समोरचं पटांगण. बसायला पार हवा, सावलीला झाडं हवीत आणि गाड्या लावायला एक कडा. हे सगळं ग्रामसभेत दाखवायचं आहे, म्हणून आर्किटेक्टनं इमारतीच्या फोटोतच झाडं, गाडी आणि माणसं बसवून चित्र केलं. पहिला प्रिंट पाहून सरपंचबाई म्हणाल्या, "हे मानसं जमिनीवर उभे काऊन नाही वाटत?"

प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता. माणसांचे पाय जमिनीवरच होते, चुकली होती त्यांची उंची.

(दृश्य: स्क्रीनवर फोटो. जोत्याच्या आणि छज्जाच्या कडांवरून लाल रेषा पुढे सरकतात.)

आधी क्षितिज शोधावं लागतं. मागच्या वावरापलीकडे झाडांची रांग दिसते, पण तिचा शेंडा म्हणजे क्षितिज नव्हे. खरं क्षितिज इमारतच सांगते. एका भिंतीच्या जोत्याची कड आणि त्याच भिंतीवरच्या छज्जाची कड पुढे वाढवली, की दोन्ही एका बिंदूत मिळतात. दुसऱ्या बाजूच्या भिंतीचंही तसंच करायचं. हे दोन बिंदू जोडणारी रेषा म्हणजे या फोटोचं क्षितिज. फोटो मोबाईलच्या अतिरुंद लेन्सनं काढला असेल तर सरळ कडाच वाकतात आणि रेषा एका जागी मिळत नाहीत. तसा फोटो दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा काढलेला बरा.

रेषा बरोबर आली का, हे दारावरून कळतं. फोटो काढताना कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर होता, टेपनं मोजून. पटांगण सपाट असेल, तर क्षितिजाची रेषा इमारतीलाही जमिनीपासून दीड मीटरवरच छेदते. जोतं 45 सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे व्हरांड्याच्या फरशीपासून ही रेषा 1.05 मीटरवर येते. दार 2.1 मीटरचं. रेषा दाराच्या बरोबर मध्यावरून जायला हवी.

(दृश्य: दाराचा क्लोजअप. रेषा मधल्या पट्टीवरून जाते.)

जाते.

आता माणसं. पटांगणात कुठंही पाऊल ठेवा, पावलापासून क्षितिजापर्यंतचं अंतर म्हणजे त्या जागेचे दीड मीटर. पुढच्या बाजूला हे अंतर 300 पिक्सेल भरलं, म्हणजे तिथं एक मीटर 200 पिक्सेलचा. 1.6 मीटर उंचीचा माणूस 320 पिक्सेलचा होईल. तोच माणूस मागे, जोत्याजवळ नेला आणि तिथं हे अंतर 150 पिक्सेल असेल, तर तो 160 पिक्सेलचा. माणूस निम्मा झाला, पण दोन्ही जागी डोळे क्षितिजावरच राहिले. पहिल्या प्रिंटमध्ये मागची माणसं लहान केली होती, पण अंदाजानं. त्यांचे डोळे क्षितिजाच्या बरेच खाली गेले होते. एवढ्यानंच ती उभी वाटत नव्हती.

लहान मुलाचं डोकं मात्र क्षितिजाखालीच हवं. व्हरांड्यात उभ्या माणसाचं उलट: तो जोत्यावर चढलेला असतो, म्हणून रेषा त्याच्या कमरेच्या जरा वरून जाते.

गाडीत फसगत जास्त होते. साध्या छोट्या कारची उंची जवळपास दीड मीटर असते, म्हणजे तिचं छप्पर क्षितिजाला टेकतं आणि वरून दिसत नाही. पहिल्या प्रिंटमधल्या गाडीचं छप्पर चक्क पसरलेलं दिसत होतं, कारण तो कटआउट गच्चीवरून काढलेल्या फोटोतून घेतला होता. अशी गाडी कितीही लहानमोठी केली तरी या चित्रात बसत नाही. शेवटी पंचायतीसमोरच, त्याच उंचीवरून, उभ्या गाडीचा फोटो काढला. सकाळीच काढला, म्हणजे सावलीही इमारतीच्या सावलीच्या दिशेनंच पडली.

(दृश्य: दोन प्रिंट शेजारी शेजारी.)

राहिली झाडं. जोत्याजवळ एक मीटर 100 पिक्सेलचा आहे, तेव्हा सात मीटरचा कडुनिंब 700 पिक्सेलचा दिसतो, क्षितिजाच्या 550 वर. चित्र देखणं होतं, पण लावणार आहेत ती रोपं अडीच मीटरची, म्हणजे 250 पिक्सेलची. लोकांना पहिल्याच उन्हाळ्यात दाट सावली दाखवणं म्हणजे त्यांना फसवणं, असं आर्किटेक्टचं म्हणणं, आणि ते मला पटतं. म्हणून ग्रामसभेत दोन चित्रं जातील. एकात अडीच मीटरची रोपं, ट्री-गार्डसकट. दुसऱ्यात सात मीटरची झाडं, गावातलेच दहा-बारा वर्षांचे कडुनिंब मोजून काढलेली. त्या चित्राखाली ठळक अक्षरात छापलं आहे: 'दहा वर्षांनंतर'.