मक्याच्या लाह्या : पातेलं, तेल आणि वाफ

श्रोतेहो, नमस्कार. पातेल्यात मक्याच्या लाह्या फोडताना दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. तळाशी मूठभर गणंग उरतात, आणि फुटलेल्या लाह्या कुरकुरीत न होता वातड होतात. दोन्हींचं कारण एकच, पाणी. पहिल्या तक्रारीत ते दाण्याच्या आत असतं, दुसऱ्या तक्रारीत बाहेर.

लाह्यांच्या मक्याच्या दाण्यात साधारण तेरा-चौदा टक्के पाणी असतं आणि त्याचं साल चिवट, घट्ट असतं. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, पण सालामुळे ती कोंडून राहते. सुमारे १८० अंश सेल्सिअसला आतला दाब आपल्या कुकरमधल्या दाबाच्या कितीतरी पट होतो, साल फाटतं आणि मऊ झालेला पिठूळ भाग फुलून बाहेर येतो. आच फार मंद ठेवली, तर दाण्याच्या टोकाकडून वाफ हळूहळू निसटते आणि दाणा गणंग राहतो. आच फार मोठी ठेवली, तर आतलं पीठ नीट शिजण्याआधीच साल फाटतं आणि लाही लहान, घट्ट निघते. म्हणून मध्यम आच. ती ओळखायला थर्मामीटर लागत नाही, तीन दाणे पुरतात.

मी घरी करते ते सांगते. तीन लिटरचं, जाड बुडाचं पातेलं घ्यायचं. त्यात दोन पोह्याचे चमचे तेल, म्हणजे बुडावर पातळ थर बसेल इतकं. रिफाइंड शेंगदाणा तेल चांगलं, साजूक तूप तर फारच छान. लोणी मात्र नको. त्यात पाणी आणि दुधाचा अंश असतो, तो लाह्या फुटायच्या आधीच करपतो. घाण्याचं तेल लवकर धुरावतं, त्यामुळे ते वापरलं तर पातेल्यासमोरून हलू नका.

तेलात तीनच दाणे टाकून झाकण ठेवा. तिन्ही फुटले, की तेल हव्या त्या तापमानाला आलं. ते काढून घ्या आणि अर्धी वाटी मका घाला, एका थरात मावेल इतकाच. आता गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि सावकाश तीसपर्यंत मोजा. या अर्ध्या मिनिटात तेलातली उष्णता सगळ्या दाण्यांना मिळते आणि ते फुटण्याच्या उंबरठ्यावर एकत्र येऊन थांबतात. मग पुन्हा मध्यम आच. मिनिटभरात तडतड सुरू होते आणि जवळजवळ सगळे दाणे एका झपाट्यात फुटतात. नाहीतर आधी फुटलेल्या लाह्या खाली करपत राहतात आणि मागे राहिलेले दाणे वर तसेच.

झाकण मात्र घट्ट लावू नका. अर्ध्या वाटी मक्यातून बरीच वाफ निघते. तिला वाट मिळाली नाही, तर ती झाकणाला थेंब होऊन लागते आणि लाह्यांवर टपकते. वातडपणा येतो तो तिथून. झाकण बोटभर सरकवून ठेवा. फट आपल्या तोंडासमोर नको, पलीकडच्या बाजूला असू द्या.

तडतड सुरू झाली की पातेल्याचे दोन्ही कान जाड फडक्यांनी धरा, अंगठ्यांनी झाकण दाबा, आणि पातेलं शेगडीवरच पुढे-मागे सरकवत राहा. उचलून उडवायची गरज नाही. उचललं की बूड थंड होतं. फुललेली लाही हलकी असते, ती वर येते, आणि न फुटलेला दाणा जड असल्यामुळे घरंगळत तळाच्या तेलात जातो. हलवायचं ते एवढ्यासाठी.

आता कान द्या. दोन आवाजांमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर पडू लागलं, की गॅस बंद करा आणि लाह्या लगेच परातीत ओता. शेवटच्या चार दाण्यांची वाट पाहिली, तर पहिली शंभर करपतील. मीठ गरम लाह्यांवरच भुरभुरायचं, आणि तेही मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं बारीक करून. जाडं मीठ परातीच्या तळाशी जाऊन बसतं.

मग तळाचे गणंग जरा हातात घेऊन बघा. काळे पडले असतील, तर आच मोठी होती किंवा हलवणं कमी पडलं. पिवळेच राहिले असतील आणि पुष्कळ असतील, तर मका वाळलाय. मागच्या पावसाळ्याआधी आणलेली उघडी पिशवी माझ्याकडे अशीच निघाली. तेव्हा पाव किलो मका काचेच्या बरणीत भरला, एक छोटा चमचा पाणी घातलं, घट्ट झाकण लावलं आणि रोज दोन-तीनदा बरणी हलवली. चौथ्या दिवशी त्यातले तीन दाणे तेलात टाकले, तिन्ही फुटले.