देवराईतली झाडं: नशीब की आपापला कोनाडा?

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीनं सेमिनारसाठी लिहिलेला निबंध माझ्याकडे वाचायला आणून दिला. तिच्या गावच्या देवराईतलं एकूण एक जाड झाड तिनं मोजलं होतं. जमिनीपासून सव्वा मीटरच्या थोडं वर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, वहीत झाडाचं नाव लिहायचं आणि पुढच्या झाडाकडे जायचं, असं सुट्टीभर चाललं होतं. किंजळ आणि अंजनी यांची पानंच्या पानं भरली होती. पुढे पुढे कुंभा, बेहडा, काजरा, चांदकुडा, सीता-अशोक, आणि शेवटी कितीतरी अशी नावं, ज्यांच्यापुढे एकच काडी. त्या आकड्यांवरून तिनं एक आलेख काढला होता आणि खाली निष्कर्ष लिहिला होता: 'ही देवराई तटस्थ सिद्धान्तानुसार चालते.'

मोजणी उत्तम होती, पण निष्कर्ष त्या मोजणीतून निघत नव्हता. तो का निघत नाही, हेच आज सांगायचं आहे.

उष्ण प्रदेशातल्या जंगलात इतक्या जातींची झाडं शेजारी शेजारी कशी नांदतात, हा जुना प्रश्न. त्याचं जुनं उत्तर असं, की प्रत्येक जातीची जगण्याची रीत निराळी असते. एकीला ओल लागते, दुसरी कातळाच्या भेगेत तग धरते, तिसरी सावलीत वर्षानुवर्षं रोप म्हणून थांबते आणि झाड कोसळून उजेड आला की उसळी मारते. इंग्रजीत याला 'नीश' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. आपल्या जुन्या घरांत दिव्याचा कोनाडा वेगळा, देवाचा वेगळा, तसा प्रत्येक जातीचा आपला कोनाडा. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं जायफळाच्या कुळातली झाडं पाणथळीत उभी आहेत. चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्यांची मुळं गुडघा दुमडावा तशी वर येऊन पुन्हा खाली जातात. ती बघितली की कोनाड्याबद्दल शंका उरत नाही.

पण स्टीफन हबेल या अमेरिकन शास्त्रज्ञानं उलटा प्रश्न विचारला. जातींमधला फरक क्षणभर विसरून गेलो तर काय दिसेल? २००१ साली पुस्तकरूपानं मांडलेला त्याचा तटस्थ सिद्धान्त म्हणतो की कुठल्याही जातीचं झाड असो, मरण्याची आणि पोर मागे ठेवण्याची संधी सगळ्यांना सारखीच आहे. जंगलात जागा ठरलेली. एक झाड पडलं की ती जागा कुणीतरी घेतं, आणि ते कोण हे नशिबावर. बहुतेक वेळा आतल्याच झाडाचं बी रुजतं, कधीतरी बाहेरून आलेलं. त्याखेरीज दीर्घ काळात नव्या जाती जन्माला येत राहतात. बाकी काही नाही.

हे गणित आपल्या राईत करून पाहू. समजा राईत ४०० झाडं आहेत, त्यांपैकी १०० किंजळी. एक झाड मेलं, तर ते किंजळ असण्याची शक्यता पाव. त्याच्या जागी किंजळच येण्याची शक्यताही पाव. म्हणजे किंजळीचा आकडा एकनं घटण्याची जेवढी शक्यता, नेमकी तेवढीच एकनं वाढण्याची. आकडा मागेपुढे डुलत राहतो. ज्या जातीची दोनच झाडं आहेत तीही तशीच डुलते, फक्त तिच्या पायाखाली कडा जवळ असतो. शून्यावर आली की संपली, धनेशाच्या नाहीतर वटवाघळाच्या पोटातून बाहेरचं बी येईपर्यंत.

असं संगणकावर दीर्घकाळ चालवलं की जो आलेख मिळतो, तो माझ्या विद्यार्थिनीच्या आलेखासारखाच दिसतो: चार-दोन जाती भरपूर, बहुतेक विरळ. तिला वाटलं, आकार जुळला म्हणजे सिद्धान्त जुळला. मी तिला म्हटलं, "अगं, रापण ओढल्यावर किनाऱ्यावर जो ढीग पडतो तो बघ. तारली नाहीतर बांगडा ढीगभर, मग थोडे थोडे चार प्रकार, आणि एखाददुसरा मासा असा की म्हाताऱ्या कोळ्यालाच नाव ठाऊक. तोही आलेख असाच येईल." असा आकार अनेक वाटांनी तयार होतो. आकार बघून वाट ओळखता येत नाही.

हे केवळ माझं म्हणणं नाही. पनामाच्या कालव्यासाठी तळं केलं, तेव्हा एका डोंगराचा माथा पाण्याबाहेर राहिला. त्याचं नाव बारो कोलोराडो बेट. तिथं हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी ५० हेक्टर जंगल आखून घेतलं आणि १ सेंटिमीटर व्यासापासून पुढच्या प्रत्येक खोडाची नोंद केली. दोन लाखांहून अधिक खोडं, सुमारे ३०० जाती. पहिली मोजणी १९८२ च्या सुमारास पुरी झाली. २००३ साली याच प्लॉटच्या आकड्यांवर एकाच नामांकित नियतकालिकात काही महिन्यांच्या अंतरानं दोन लेख आले. एकानं दाखवलं की तटस्थ सिद्धान्तापेक्षा साधं जुनं सूत्र जास्त चांगलं बसतं. दुसऱ्यानं दाखवलं की तटस्थ सिद्धान्तच किंचित सरस आहे. दोघंही आपापल्या हिशेबात चुकले नव्हते. एकदाच घेतलेल्या शिरगणतीत तेवढं सांगण्याचं बळच नसतं.

मग बळ कशात असतं? पहिलं, दुसऱ्यांदा मोजण्यात.

पुन्हा आपल्या ४०० झाडांकडे येऊ. अशा जंगलात वर्षाला शंभरातली साधारण दोन झाडं मरतात असं धरलं, तर पाच वर्षांत ४० झाडं बदलतील. केवळ नशीब चालत असेल, तर या ४० बदलांनंतर १०० किंजळींचा आकडा किती हलावा? प्रत्येक बदलात एकनं वाढण्याची शक्यता १६ त ३, घटण्याची १६ त ३, आणि काहीच न होण्याची १६ त १०. ४० बदलांची बेरीज केली की नेहमीची हालचाल ४ झाडांच्या आसपास येते, आणि ८ च्या बाहेर ती क्वचितच जाते. म्हणजे पाच वर्षांनी किंजळी ९७ मिळाल्या तर तटस्थ सिद्धान्ताला धक्का नाही. (मात्र त्यानं तो सिद्धही होत नाही, हे विद्यार्थी हमखास विसरतात.) पण ७० मिळाल्या, तर नुसत्या नशिबानं इतकी घसरण होत नाही, किंजळीला काहीतरी बाधलं. ते काय, हे मग शोधायचं.

बारो कोलोराडोवर नेमकं असं झालं. १९८३ चा उन्हाळा एल निनोमुळे फार कडक गेला. पुढच्या मोजण्यांमध्ये दिसलं की सगळ्या जाती सारख्या घटल्या नव्हत्या. ओलसर उतारांवर वाढणाऱ्या, पाण्याची सवय असलेल्या जाती जास्त घसरल्या. पहिल्या मोजणीचा आलेख तटस्थ सिद्धान्ताशी छान जुळत होता, त्याच जंगलानं दुष्काळात आपले कोनाडे उघड केले.

दुसरी जागा म्हणजे झाडाखालची जमीन. आषाढात एखाद्या जुन्या जांभळीखाली उकिडवं बसून बघा. पाय ठेवायला जागा नाही इतकी रोपं उगवलेली असतात, काहींना बी अजून चिकटलेलं. पुन्हा गणपतीत जा. कितीतरी रोपांचं खोड जमिनीलगत काळं पडून मऊ झालेलं, ती माना टाकून आडवी झालेली. काहींची पानं किड्यांनी जाळीसारखी केलेली. दिवाळीपर्यंत त्या गालिच्याचे ठिगळच उरतात. उन्हाचा, पाण्याचा भाग यात आहेच. पण १९७० साली जान्झेन आणि १९७१ साली कॉनेल यांनी वेगवेगळं सुचवलं की जातीची खास बुरशी आणि किडे आईझाडाखाली दबा धरून असतात, म्हणून आपल्याच जातीच्या गर्दीत रोप मरतं आणि दूर पडलेलं तगतं. तसं असेल तर भरपूर असलेल्या जातीला आपोआप लगाम बसतो आणि विरळ जातीला वाव मिळतो. तटस्थ सिद्धान्तात असा लगाम कुठेच नाही. त्यामुळे इथं दोघांची खरी गाठ पडते.

पनामातल्या त्याच प्लॉटमध्ये २०० ठिकाणी बिया झेलणाऱ्या जाळ्या लावून चार वर्षं बिया मोजल्या आणि शेजारच्या चौकटींत उगवलेली रोपं मोजली. तपासलेल्या ५३ च्या ५३ जातींत, जिथं बी दाट पडलं तिथं बियांच्या मानानं रोपं कमी आली. पण इथंही सावध राहायला हवं. जाळीत पडलेलं बी आणि शेजारी रुजलेलं बी एकच नव्हे. मोजणीतली नुसती चूकसुद्धा असा लगाम असल्याचा भास निर्माण करू शकते, हे पुढे दाखवलं गेलं. म्हणून मला सगळ्यात पटतो तो बेलीझमधल्या जंगलातला प्रयोग, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. तिथं काही चौकटींवर बुरशीनाशक फवारलं, काहींवर कीटकनाशक. बुरशी हटवली तिथं रोपांमधल्या जातींची विविधता घटली. कीटक हटवले तिथं कुठल्या जाती किती, हे प्रमाण बदललं. ही मोजणी नव्हती, कारण काढून घेऊन परिणाम पाहणं होतं.

कोनाड्याची बाजू घेणाऱ्यांनाही मी सोडत नाही. निबंधात एक वाक्य होतं: 'अंजनी सड्याच्या कडेला आढळते, म्हणजे तिला जांभ्याची जमीन मानवते.' असेलही. पण बी आईजवळच पडलं तरी झाडं एका ठिकाणी गोळा झालेली दिसतात, जमीन कशीही असो. यासाठी एक साधी तपासणी आहे. राईचा नकाशा काढा, त्यावर सडा, उतार, ओहोळ दाखवा. अंजनीची झाडं बटर पेपरवर टिपा. आता तो कागद नकाशावर थोडा थोडा सरकवत न्या, एका बाजूनं बाहेर गेलेले ठिपके दुसऱ्या बाजूनं आत घ्या. झाडांचा घोळका तसाच राहतो, फक्त जमीन बदलते. शंभर वेळा सरकवून पाच वेळासुद्धा खऱ्या जागेइतकी अंजनी सड्यावर बसली नाही, तर नातं खरं माना.

तटस्थ सिद्धान्त मला टाकाऊ वाटत नाही. मी तो शून्याची खूण म्हणून वापरतो: नुसत्या नशिबानं इतकं होतं, त्याच्या वर जे दिसेल त्याला कारण हवं. शिवाय बाहेरून येणाऱ्या बियांवर त्यानं बोट ठेवलं, ते आपल्या देवरायांना फार लागू आहे. चारी बाजूंनी काजू-आंब्याच्या बागा झाल्या आणि काजऱ्याची फळं खाणारा धनेश यायचा थांबला, तर एकेक काडी असलेल्या त्या जाती संपत जातील, कोनाडा असो वा नसो.

मुलीला मी निष्कर्ष खोडायला सांगितला आणि विचारलं, कुठलं झाड कुठलं हे पाच वर्षांनी कसं ओळखशील? तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण वहीत नुसत्या काड्या होत्या. आता ती अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर आकडे ठोकते आहे. खिळा पूर्ण आत मारायचा नाही, खोड वाढायला दोन बोटं जागा ठेवायची, आणि घेर मोजला तिथं रंगाची रेघ. गावकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घालून परवानगी दिली आहे, एका अटीवर: देवळामागच्या जुन्या बेहड्याला खिळा लागता कामा नये. त्याला तिनं दोरीनं पट्टी बांधली. तिचा क्रमांक १.