वीस डॉलर, एक डॉलर आणि महिनाअखेरची सही

(कोल्हापुरात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्या संघटनात्मक वर्तन या विषयाच्या प्रश्नपेढीत एक प्रश्न दरवर्षी या ना त्या रूपात येतो. आज मी त्याच्यापासूनच सुरुवात करतो. ‘एका कर्मचाऱ्याला स्वतःच्या मताविरुद्ध वागायला लावलं आणि त्याबद्दल मोठा मोबदला दिला. तर त्याचं मत बदलण्याची शक्यता वाढेल की कमी होईल?’ मघाशी हात वर करायला सांगितलं, तेव्हा निम्म्याहून जास्त हात ‘वाढेल’ला गेले. पैसा मिळाला की माणूस वळतो, असं आपण आजूबाजूला बघतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण उत्तर ‘कमी होईल’ असं आहे. ते पाठ केलंत तर पुढच्या प्रश्नाला पुन्हा चुकाल. म्हणून ते उत्तर आलं कुठून, ते सांगतो.

1957 मध्ये लिऑन फेस्टिंगर यांनी बोधात्मक विसंगतीचा सिद्धांत मांडला. तुमच्या पुस्तकांत त्याला कॉग्निटिव्ह डिसोनन्स म्हणतात. आपल्या मनातल्या दोन गोष्टींचा मेळ बसला नाही, किंवा मनात एक आणि कृतीत दुसरंच असं झालं, की आत अस्वस्थता निर्माण होते. ती अस्वस्थता कमी करण्याची ओढ माणसाला लागते, हा त्याचा गाभा.

1959 मध्ये फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. मुलांना तासभर कंटाळवाणं काम दिलं. अर्धा तास ट्रेमध्ये रिळं भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. पुढचा अर्धा तास फळीवरच्या 48 चौकोनी खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवायच्या, आणि संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. नंतर त्यांना विनंती केली, की बाहेर बसलेल्या पुढच्या मुलीला ‘काम फार मजेचं आहे’ असं सांगा. काहींना त्याबद्दल 1 डॉलर दिला, काहींना 20 डॉलर. त्या काळी विद्यार्थ्याच्या हातात 20 डॉलर म्हणजे चांगली मोठी रक्कम होती. तिसऱ्या गटाला खोटं बोलायला सांगितलंच नाही. शेवटी सगळ्यांना विचारलं, काम खरोखर कितपत आवडलं? उणे 5 ते अधिक 5 अशी मोजपट्टी होती.

खोटं न बोललेल्यांची सरासरी आली उणे 0.45. 20 डॉलरवाल्यांची उणे 0.05, म्हणजे जवळजवळ तिथंच. आणि 1 डॉलरवाल्यांची अधिक 1.35.

ज्याला 20 डॉलर मिळाले त्याच्याकडे कारण तयार होतं, ‘पैशासाठी बोललो.’ बोलणं आणि मत यांच्यातली फट पैशानं बुजवली. मताला हात लावायची गरजच पडली नाही. एका डॉलरसाठी कोण खोटं बोलेल? त्या मुलाला बाहेर कारण सापडेना. बोललेलं परत घेता येत नाही. मग बदलण्याजोगं उरलं ते मत, आणि तेच हळूच सरकलं.

आता हे आपल्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आणू. फौंड्रीतल्या तीन-चार जणांकडून ऐकलेलं एकत्र करून मी एक माणूस उभा करतो. पंपाच्या बॉडी ओतणाऱ्या एका फौंड्रीत तो तपासनीस आहे. फेटलिंग, म्हणजे घासून साफसफाई, होऊन आलेलं कास्टिंग बघायचं, ब्लोहोल किंवा क्रॅक असेल तर लाल रंगाची खूण करून बाजूला काढायचं, हे त्याचं काम. महिन्याची 30 तारीख. डिस्पॅच अडकलंय. 40 नगांवर बारीक पिनहोल दिसताहेत. सुपरवायझर येऊन खांद्यावर हात ठेवतो, “मारा की सही, चालतंय. मशिनिंगमध्ये निघून जातंय ते.” दमदाटी नाही, वेगळे पैसे नाहीत, फक्त आपुलकीचा आग्रह. तो सही करतो.

त्या रात्री त्याच्या मनात दोन गोष्टी आहेत. ‘दोषाचा माल पुढं जाऊ देऊ नये,’ आणि ‘मी तो जाऊ दिला.’ सही तर झाली. पुढच्या महिन्यात नकार देऊन वागणूक बदलणं ही एक वाट आहे, पण ती महाग आहे. बाकीच्या स्वस्त आहेत. ‘पिनहोल म्हणजे दोष नव्हेच’ असं मत करून घ्यायचं. किंवा ‘गिऱ्हाईकही माल घेताना तपासतंच’ अशी एक सोबतीण समजूत जोडायची. किंवा ‘शेतातला पंप आहे, त्याला काय होतंय’ म्हणून सगळ्या गोष्टीचं वजन कमी करायचं. दोन-चार महिन्यांनी हाच माणूस नव्या पोराला शिकवताना सांगतो, “एवढं बारीक बघायचं नसतं.” आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला तसं खरंच वाटायला लागलेलं असतं.

विसंगती कमी करण्याची ओढ किती लागेल, हे ठरवणारे तीन घटक तुमच्या प्रश्नपेढीत आहेत. ते याच माणसात बघा. पहिला, ती गोष्ट किती महत्त्वाची वाटते याचा. त्याला मालाच्या दर्जाची काहीच पडलेली नसती, तर टोचणी लागलीच नसती. दुसरा नियंत्रणाचा. मालकानं ‘सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको’ असं दरडावलं असतं, तर ‘माझ्या हातात काय होतं?’ म्हणून तो सुटला असता आणि मत शाबूत राहिलं असतं. तिसरा मोबदल्याचा. त्या सहीचे पाच हजार मिळाले असते, तर ‘पैशासाठी केलं, पण माल खराबच होता’ असं तो मनाशी म्हणाला असता. म्हणून मला मोठ्या दबावापेक्षा या गोड ‘चालतंय’ची जास्त काळजी वाटते. दबावात माणूस वाकतो, पण मत जागेवर राहतं. इथं मतच सरकतं.

हा सिद्धांत निर्विवाद आहे असं मात्र लिहू नका. डॅरिल बेम यांनी 1967 मध्ये म्हटलं, की टोचणीबिचणी काही मानायची गरज नाही. माणूस स्वतःची वागणूक बाहेरच्या माणसासारखी बघतो आणि ‘मी असं केलं, त्याअर्थी मला ते पटत असणार’ असा निष्कर्ष काढतो. 2024 मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचं मत सरकलेलं दिसलं, पण निवडीचं स्वातंत्र्य दिलं की ते अधिक सरकतं, हे जुनं भाकीत खरं उतरलं नाही. आत्ताच मी नियंत्रणाबद्दल जे बोललो, त्याच ठिकाणी ही शंका आहे. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिहा, पण मनात ही नोंद ठेवा.

आता कार्यसमाधानाकडे येतो, कारण पुढचा प्रश्न हमखास तो असतो. ‘समाधानी कामगार जास्त उत्पादक असतो, बरोबर की चूक?’

आपल्या तपासनिसाला मनुष्यबळ विभागाचा फॉर्म दिला, तर तो पाचपैकी चार देईल. पण ते चार कुठून आले? काम चांगलं आहे म्हणून, की बारा वर्षं इथं घालवली आणि ‘वाईट ठिकाणी बारा वर्षं राहिलो’ हे स्वतःला सांगणं जड जातं म्हणून? वागणूक आधी, मत नंतर, हा प्रवास इथंही होऊ शकतो. फॉर्मवरचा आकडा ते वेगळं करून दाखवत नाही.

1985 मध्ये आयाफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध 0.17 निघाला. 2001 मध्ये जज आणि सहकाऱ्यांनी अधिक अभ्यास घेऊन, मोजमापातल्या त्रुटींची दुरुस्ती करून तो 0.30 दाखवला. 0.30 चा वर्ग 0.09. म्हणजे कामगिरीतल्या फरकापैकी साधारण नऊ टक्के भाग समाधानाशी जोडता येतो. संबंध आहे, पण ‘समाधानी म्हणजे उत्पादक’ असं म्हणण्याइतका नाही. जज यांच्याच अभ्यासात गुंतागुंतीच्या कामांत हा संबंध जास्त घट्ट दिसला. त्याचं कारण शॉपफ्लोअरवर उभं राहिलं की कळतं. मोल्डिंग लाइनचा वेग यंत्र ठरवतं. तिथला माणूस खूश असो वा नाराज, तासाला साचे तेवढेच पडतात. पॅटर्न डिझाइन करणाऱ्याच्या कामात मात्र त्याचं मन उतरायला जागा असते.

जागा असणं आणि नसणं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण शिकागोचं आहे. एप्रिल 1975 मध्ये तिथं जोराचं हिमवादळ झालं. सीअर्स कंपनीच्या मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांचं समाधान काही महिने आधीच मोजून ठेवलेलं होतं. फ्रँक स्मिथ यांनी वादळाच्या दिवसाची हजेरी त्या आकड्यांशी ताडून पाहिली. ज्या गटांत समाधान जास्त, त्या गटांची हजेरी जास्त. न्यूयॉर्कच्या कार्यालयात त्या दिवशी हवा ठीक होती. तिथं असा संबंध दिसला नाही. चांगल्या हवेत सगळेच येतात, कारण न येण्याला सबब नसते. वादळात ‘येता आलं नाही’ म्हटलं तर कुणी दोष देत नाही, म्हणून येणं न येणं माणसाच्या मनावर राहतं आणि समाधान हजेरीत उमटतं.

आणि आपला 2019 चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद होती. त्या दिवसांची हजेरी घेऊन कुणी समाधान मोजायला गेला, तर त्याच्या हाती काही लागणार नाही. रस्ताच नव्हता, मनापासून काम करणारा आणि टाळाटाळ करणारा, दोघंही घरी. शिकागोत जाणं अवघड होतं, अशक्य नव्हतं.

मघाशी एका विद्यार्थिनीनं विचारलं, की तपासनिसाचं मत सरकलंय हे मालकाला कळणार कसं, तो तर फॉर्मवर चारच देणार. फॉर्म बाजूला ठेवा आणि दोन रजिस्टरं शेजारी मांडा. फौंड्रीच्या तपासणीत नाकारलेले नग, आणि त्याच हीट नंबरचे, म्हणजे भट्टीच्या त्याच ओतीचे, मशीन शॉपमध्ये किंवा गिऱ्हाइकाकडे नाकारले गेलेले नग. ओतकाम खरंच सुधारलं असेल तर दोन्ही आकडे उतरतात. पहिला उतरतोय आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरा चढतोय, असं दिसलं तर तपासणी सैल झाली आहे. सुरुवातीला हा फरक महिनाअखेरच्या हीट्समध्येच दिसेल. तेव्हा माणसाला टोचत असतं, म्हणून 5 तारखेला तो पुन्हा कडक होतो. ज्या महिन्यात 5 तारखेचे आकडेही 30 तारखेसारखे दिसायला लागतात, त्या महिन्यात त्याचं मत बदललेलं असतं.